अनोळखी उद्योजिकेला लिहिलेला छोटा मेल आणि त्यापुढचे अडीच महिने

नोकरी सोडून मी पॅकेजिंग डिझाईनची कामं स्वतंत्रपणे घ्यायला लागले तेव्हा सुरुवातीची कामं ओळखीतून आली. ओळखी संपल्यावर प्रश्न पडला, की ज्यांना आपण कधी भेटलो नाही अशा छोट्या उद्योजकांना काम विचारायचं कसं? फोन करून गळ घालणं माझ्या स्वभावात नाही. आणि ज्यांचा दिवस माल भरण्यात, पाठवण्यात जातो त्यांना मध्येच अडवणं मला पटतही नाही. म्हणून मेल. 2024 च्या जूनमध्ये लिहिलेल्या अशाच एका मेलची ही हकिगत आहे. याच वळणावर अडलेल्या डिझायनर मित्रमैत्रिणींसाठी ती तारखा आणि रकमांसकट लिहिते आहे.

मे महिन्यात मी कोल्हापूरहून कुडाळला एका लग्नाला गेले होते. परत निघताना बाजारातल्या एका दुकानात कोकणी मेवा घ्यायला थांबले. फळीवर एकाच घरगुती उद्योगाच्या दोन प्रकारच्या बाटल्या शेजारी शेजारी होत्या, कोकम आगळ आणि कोकम सिरप. कोकणातल्या माणसाला हा फरक सांगावा लागत नाही. आगळ म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस, सोलकढीसाठीचा. सिरप साखरेचं, पाणी घालून सरबत करायचं. पण दोन्ही बाटल्यांवर तोच जांभळा रंग, तोच कापलेल्या रातांब्याचा, म्हणजे कोकमाच्या फळाचा फोटो, तेच सोनेरी अक्षरातलं नाव. पदार्थ कोणता ते खाली, फोटोच्या कडेला, बारीक अक्षरात. मी उभी होते तेवढ्या वेळात दोन गिऱ्हाइकांनी सरबत समजून आगळ काउंटरवर आणून ठेवलं. दुकानदाराने दोघांनाही विचारलं, "सोलकढीला हवंय की सरबताला?" आणि बाटली बदलून दिली. त्याला या प्रश्नाची सवय झालेली दिसत होती.

मी दोन्ही बाटल्या विकत घेतल्या. वाटेत सावंतवाडीला आणखी एका दुकानात तोच माल दिसला. तिथे दुकानदाराने आगळाच्या बाटल्यांच्या झाकणावर मार्करने 'आ' लिहून ठेवलं होतं. त्या 'आ'मुळे माझी खात्री पटली. एका दुकानात दिसलेली गोष्ट योगायोग असू शकते, पण विकणारा स्वतः बाटलीवर खूण करायला लागतो तेव्हा लेबल आपलं काम करत नसतं.

अशा मेलची तयारी मी आता इथूनच सुरू करते. आधी दुकानात जाऊन माल विकत घ्यायचा, वापरायचा, आणि विकणाऱ्याला किंवा घेणाऱ्याला नेमका कुठे त्रास होतोय ते बघायचं. घरी बसून वेबसाइटवर फोटो पाहिले की एवढंच सुचतं, की 'आपलं ब्रँडिंग अधिक आकर्षक होऊ शकतं'. हे वाक्य कुणालाही पाठवता येतं, म्हणून ते कुणालाच लागू पडत नाही. शिवाय छोट्या गावात लेबल छापणारा प्रेसवालाच डिझाईन फुकटात करून देतो. आपण सौंदर्याबद्दल बोलायला लागलो की आपली तुलना त्या फुकटाशी होते, आणि ती तुलना मालकाच्या बाजूने रास्तच असते. लेबलामुळे विक्रीत येणारी अडचण दाखवली तरच पैसे देऊन डिझायनर बोलवायला कारण मिळतं.

मेल पाठवायचा कुठे, हे बाटलीवरच लिहिलेलं होतं. पॅकबंद मालावर ग्राहकाने तक्रारीसाठी कुणाला गाठायचं त्याचं नाव, पत्ता आणि संपर्काची माहिती छापणं वैधमापनशास्त्राच्या 2011 च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. त्यामुळे कुणाकडून पत्ते मिळवायची किंवा याद्या विकत घ्यायची गरज पडत नाही. मागच्या लेबलावर मालकीणबाईंचं नाव आणि जीमेलचा पत्ता होता. मात्र तो पत्ता तक्रारींसाठी दिलेला आहे, हे लक्षात ठेवावं लागतं. त्यावर अनोळखी माणसाचा मेल आला की खाद्यपदार्थ विकणाऱ्याच्या पोटात आधी गोळा येतो. मालात काही निघालं का, कुणाला बाधलं का? ती भीती विषयाच्या ओळीतच घालवली पाहिजे असं मी ठरवलं.

व्हॉट्सॲपचा नंबरही होता. तिथे उत्तर लवकर आलं असतं कदाचित. पण तो नंबर ऑर्डरींसाठी आहे. त्या रांगेत आपण शिरायचं, मग निळ्या खुणा दिसल्या की समोरच्यावर उत्तराचं ओझं, हे मला नको होतं. मेल सवडीने वाचता येतो आणि घरातल्या दुसऱ्याला दाखवता येतो. छोट्या उद्योगात निर्णय एकट्याने होत नाही, त्यामुळे हा मुद्दा मोठा आहे.

वेळ निवडायला मी थोडी थांबले. रातांब्याचा हंगाम एप्रिल-मेचा. पाऊस सुरू व्हायच्या आत फळ फोडून, सोलं वाळवून घ्यायची असतात. तेव्हा घरात कुणाला मान वर करायला फुरसत नसते. उलट गणपतीच्या तोंडावर चाकरमानी येतात आणि बाटल्या हातोहात जातात, तेव्हाही कुणी लेबलाचा विचार करणार नाही. मधला जून हा एकच निवांत काळ, आणि 7 सप्टेंबरच्या गणेश चतुर्थीपर्यंत नवं लेबल छापून व्हायला पुरेसा अवधी. म्हणून मी मंगळवार, 11 जून ठरवला, सकाळी दहाच्या सुमारास.

त्याआधी एक तांत्रिक काम होतं. जानेवारीतच मी स्वतःच्या नावाचं डोमेन घेतलं होतं. तेव्हा वर्षाला हजार रुपयांच्या आत खर्च आला, मेलची सेवा वेगळी. नवं डोमेन घेऊन त्याच दिवशी अनोळखी लोकांना लिहायला बसू नये, असे मेल स्पॅममध्ये जायचा धोका असतो. मी मधले महिने त्याच पत्त्यावरून प्रेसवाल्यांशी आणि जुन्या ग्राहकांशी नेहमीचा पत्रव्यवहार केला. शिवाय फेब्रुवारी 2024 पासून जीमेलने, आपल्याकडे मेल पाठवणाऱ्या प्रत्येकासाठी मेल खरंच त्या डोमेनवरून आलाय हे पटवणाऱ्या एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी निदान एक ओळख लावलेली असावी असा नियम केला. मी दोन्ही लावल्या. गूगल वर्कस्पेस वापरत असाल तर डोमेनच्या नोंदींमध्ये, म्हणजे डीएनएसमध्ये, एसपीएफची ओळ अशी असते:

```
v=spf1 include:_spf.google.com ~all
```

डीकेआयएमची किल्ली वर्कस्पेसच्या ॲडमिन पानावर तयार होते, तीही तिथून उचलून डीएनएसमध्ये टाकायची. मग एखाद्या मैत्रिणीच्या जीमेलवर मेल पाठवून तिला तो संगणकावर उघडायला सांगा. उजवीकडच्या तीन ठिपक्यांत Show original आहे. तिथे SPF आणि DKIM समोर PASS दिसलं की काम झालं. दिसलं नाही तर मेल कितीही नम्र असो, तो वाचलाच न जाण्याची शक्यता मोठी.

आता मेल. पाठवलेला मजकूर मूळ होता तसा देते, फक्त नावं काढून.

विषय: आपल्या कोकम आगळाच्या लेबलबद्दल (तक्रार नाही)

"सौ. ——— यांना,

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापूरला पॅकेजिंग डिझायनर म्हणून काम करते. मे महिन्यात कुडाळमध्ये आपलं आगळ आणि सिरप घेतलं. आगळाची सोलकढी घरी सगळ्यांना आवडली.

दुकानात एक गोष्ट दिसली ती कळवावीशी वाटली. दोन्ही बाटल्या एकसारख्या दिसत असल्याने मी असतानाच दोघांनी सरबतासाठी आगळ उचललं. दुकानदाराने बदलून दिलं. सावंतवाडीच्या दुकानात तर आगळाच्या झाकणांवर 'आ' लिहून ठेवलेला होता. नुसत्या आगळाच्या बाटलीला वेगळ्या रंगाचं झाकण लावलं तरी हा घोटाळा बराच कमी होईल असं वाटतं.

पुढे कधी लेबल बदलायचा विचार झाला तर ते काम करायला मला आवडेल. आधीच्या कामांचे फोटो हवे असल्यास पाठवीन. आत्ता तसा विचार नसेल तर उत्तराची तसदी घेऊ नये.

आपली,
———, कोल्हापूर
फोन ———"

एवढाच. मोबाईलवर फारसं न सरकवता वाचून होतो. प्रत्येक वाक्य ठेवताना बराच विचार केला होता, त्यातलं जे उपयोगी पडेल ते सांगते.

झाकणाची सूचना मी मुद्दाम फुकट देऊन टाकली. एका मित्राचं म्हणणं होतं की उपाय आधीच सांगितलास तर तुला बोलावतील कशाला? मला ते पटलं नाही. मेल वाचायला समोरची व्यक्ती तिच्या कामाचा वेळ देणार, तर त्या बदल्यात तिच्या हातात काहीतरी पडलं पाहिजे, मग ती मला काम देवो वा न देवो. झाकण बदलायला डिझायनर लागत नाही. ते तिला उद्यापासून करता येईल आणि फरक पडला तर माझ्या बोलण्यात तथ्य आहे हे तिचं तिलाच दिसेल. लेबलाचं काम त्याहून वेगळं आणि मोठं आहे, ते एका वाक्यात देऊन टाकता येत नाही.

नव्या लेबलाचं फुकट रेखाटन मात्र जोडलं नाही. न मागितलेलं डिझाईन पाठवणं दिसायला उदार वाटतं, पण त्याने समोरच्याला उपकाराखाली आणल्यासारखं होतं. आणि उद्योगाची माहिती न घेता केलेलं डिझाईन बहुतेक चुकीचंच असतं. बाटली बदलणार आहे का, जुनी लेबलं किती शिल्लक आहेत, कोणत्या प्रेसमध्ये छापतात, यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं.

आहे त्या लेबलाला मी कुठेही वाईट म्हटलं नाही. ते लेबल कुणी केलं असेल सांगता येत नाही. घरातल्या मुलाने केलेलं असू शकतं, नात्यातल्या प्रेसवाल्याने केलेलं असू शकतं. फळीसमोर जे घडलं तेवढंच सांगितलं. आगळाची स्तुतीही एकाच वाक्यात, आणि ती खरी होती. बाटली घरी आणून सोलकढी केली नसती तर मी ते वाक्य लिहिलं नसतं.

दर लिहिला नाही, कारण काम किती हेच ठरलेलं नव्हतं. 'दहा मिनिटं बोलूया का, बुधवारी चालेल का' असंही विचारलं नाही. अनोळखी माणसाने आपला बुधवार ठरवलेला कुणाला आवडेल? पीडीएफ जोडली नाही, सहीखाली लोगो किंवा चित्र टाकलं नाही, मेल उघडला की कळवणारी छुपी यंत्रणाही लावली नाही. अनोळखी पत्त्यावरून आलेली फाईल उघडायला लोक घाबरतात, आणि त्यांचं घाबरणं योग्यच आहे.

मेल गेला. त्याच सुमारास मी आणखी काही उद्योगांना, प्रत्येकाचा माल बघून, वेगवेगळे मेल लिहिले होते. एका मसालेवाल्यांनी दुसऱ्याच दिवशी कळवलं की त्यांचा पुतण्या हे काम बघतो, धन्यवाद. हे उत्तर मला चांगलं वाटलं. नकार स्पष्ट असला की दोन्ही बाजू मोकळ्या होतात. मी आभाराची एक ओळ लिहून तो विषय संपवला. बाकीच्यांकडून काही नाही, आणि आगळाच्या मेललाही काही नाही. पहिले चार-पाच दिवस मन सारखं त्या मेलकडे जायचं. पाऊस लागला होता, तिकडे वीज जात असणार, नेट जात असणार, असे अंदाज बांधत बसायचे. त्यावर मला लागू पडलेला उपाय म्हणजे आठवण करून द्यायची तारीख पहिल्याच दिवशी कॅलेंडरमध्ये टाकून ठेवणं. मग रोज नव्याने ठरवावं लागत नाही.

ती तारीख होती गुरुवार, 20 जून. त्याच मेलला उत्तर देऊन लिहिलं, म्हणजे खाली मूळ मजकूर राहतो आणि त्यांना शोधावा लागत नाही.

"सप्रेम नमस्कार. गेल्या आठवड्यात आगळाच्या लेबलबद्दल लिहिलं होतं. पावसाळी कामांच्या गर्दीत राहून गेलं असेल म्हणून एकदा आठवण देते. यानंतर पुन्हा लिहिणार नाही. कधी गरज वाटली तर फोन जरूर करावा."

'पुन्हा लिहिणार नाही' हे लिहिलं की पाळायचं. एकदा लिहिणं, एकदा आठवण देणं, बस. तिसऱ्यांदा लिहिणाऱ्याचं नाव लक्षात राहतं खरं, पण ज्या कारणाने राहतं ते आपल्याला नको असतं. छोट्या बाजारपेठेत सगळे एकमेकांना ओळखतात, हेही विसरू नये.

सोमवारी, 24 जूनला, एका ओळीचं उत्तर आलं: "उद्या दुपारी चारनंतर फोन करा."

मंगळवारी चार वाजून पाच-दहा मिनिटं होऊ दिली आणि फोन केला. मालकीणबाई सुरुवातीला 'तुम्ही' म्हणत अगदी मोजकं बोलत होत्या. मग कळलं, की पहिला मेल त्यांच्या मुलाने तेव्हाच वाचून दाखवला होता. त्यांनी सावंतवाडीच्या दुकानदाराला फोन करून 'आ'बद्दल विचारलं. तो म्हणाला, हो, गेल्या वर्षीपासूनच लिहितोय. "लोकांका फरक कळणा नाय, ह्या माका ठावक आसा," त्या म्हणाल्या, "पण दुकानदारानं कधी सांगितलंन नाय." आगळासाठी पिवळी झाकणं त्यांनी पुरवठादाराला आधीच सांगून टाकली होती. त्या दोन आठवड्यांच्या शांततेत तिकडे एवढं चाललं होतं, आणि इकडे मला ते कळायला काहीच मार्ग नव्हता.

फोनवर मी दर सांगण्याची घाई केली नाही, प्रश्न विचारले. सिरपची लेबलं किती शिल्लक आहेत? बरीच, दिवाळीपर्यंत पुरतील एवढी. आगळाची? संपत आली आहेत. लेबल फ्रीजमध्ये टिकतं का? नाही, बाहेर काढल्यावर बाटलीला पाणी सुटतं आणि कागद फुगतो. हे तिसरं उत्तर मेलमध्ये कुठेच नव्हतं, पण पुढे कामात सगळ्यात महत्त्वाचं ठरलं. शेवटी त्यांनी विचारलं, "मग तुझे किती होतील?" मी सांगितलं, दोन्ही लेबलं एकदम करण्यात तुमचा छापील माल वाया जाईल. आत्ता फक्त आगळाचं करू, सिरपचं पुढच्या हंगामाआधी. आकडा उद्या लेखी पाठवते.

काम निम्मं होत होतं, पण शिल्लक लेबलं फेकायला लावून मिळवलेल्या कामावर विश्वास बसला नसता.

26 जूनला एका पानाचं दरपत्रक पाठवलं. आगळाच्या 500 मिलीच्या बाटलीचं पुढचं-मागचं लेबल, दोन वेळा बदल, छपाईसाठी तयार फाईल आणि प्रेसमध्ये नमुना तपासून देणं, मिळून 9,000 रुपये. निम्मे आगाऊ, निम्मे छपाईची फाईल मंजूर झाल्यावर. छपाईचा खर्च त्यांनी परस्पर प्रेसला द्यायचा. माझी वार्षिक उलाढाल सेवांसाठीच्या 20 लाखांच्या मर्यादेच्या बरीच खाली असल्याने जीएसटी नोंदणी नाही, म्हणून बिलावर जीएसटी लावला नाही. नोंदणी नसताना तो लावताही येत नाही. हे दरपत्रकातच लिहिलं, म्हणजे नंतर त्यांच्या हिशेबनीसाचा प्रश्न येत नाही. व्यावसायिक फीवरच्या टीडीएसची मर्यादा तेव्हा वर्षाला 30,000 रुपये होती, त्यामुळे तोही विषय निघाला नाही. बिलावर पॅन मात्र टाकावा.

यानंतर पुन्हा थांबणं. आगाऊ रक्कम 8 जुलैला आली, यूपीआयने, सोबत "सुरू कर" एवढाच निरोप. मधल्या दिवसांत मी विचारणा केली नाही. दरपत्रकावर 'हा दर 31 जुलैपर्यंत' असं लिहिलेलं होतं, ती तारीख माझ्या वतीने बोलत होती.

कामाबद्दल थोडक्यात. आगळाला गडद लाल-तपकिरी रंग आणि सोलकढीच्या वाटीचं चित्र घेतलं, रातांब्याचा फोटो सिरपसाठी राखून ठेवला. 'आगळ' हा शब्द उद्योगाच्या नावाएवढा मोठा केला आणि लगेच खाली 'खारट, सोलकढीसाठी' असं लिहिलं. नाव लहान करायला मालकीणबाई तयार नव्हत्या. सासऱ्यांचं नाव आहे ते. म्हणून नाव तेवढंच ठेवून पदार्थाचं नाव त्याच्या बरोबरीला आणलं. नियमांची तपासणी याच टप्प्यावर केली. शाकाहारी खुणेचा आकार दर्शनी भागाच्या क्षेत्रफळावर ठरतो. 100 ते 500 चौरस सेंटिमीटरच्या गटात हिरवा ठिपका किमान 4 मिमी व्यासाचा आणि चौकोन 8 मिमी बाजूचा लागतो, आमची बाटली त्यात बसत होती. जुन्या लेबलावरची खूण त्याहून लहान होती. एमआरपी 160 रुपये, म्हणून युनिट विक्री किंमत दर मिलिलिटरला 0.32 रुपये, हीही जुन्या लेबलावर नव्हती. एक लिटरपेक्षा कमी मालाला ती मिलिलिटरवर काढायची असते. अन्नसुरक्षेचा चौदा आकडी क्रमांक मी टाइप न करता त्यांच्या प्रमाणपत्रावरून नकलून घेतला आणि त्यांच्याकडून परत वाचून घेतला.

लेबलासाठी क्रोमो कागदाऐवजी बीओपीपी घ्यायचं ठरलं. तो प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो, पाणी सुटलं तरी फुगत नाही. प्रति लेबल दर जास्त पडतो, म्हणून आधी कोल्हापूरच्या प्रेसमधून थोडे नमुने काढून बाटल्यांना चिकटवले आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवले. सकाळी बाहेर काढून पाणी सुटू दिलं, अंगठ्याने घासलं. लेबल जागचं हललं नाही, पण शिक्क्याने मारलेली तारीख पुसली गेली. बीओपीपीवर साधी शाई वाळत नाही. मग तारीख आणि बॅच क्रमांकासाठी लेबलावर कागदी जागा ठेवता येईल का ते पाहिलं, पण शेवटी प्लास्टिकवर टिकणारी शाई प्रेसवाल्यानेच सुचवली, शिक्का तोच राहिला. रोज शिक्का मारणाऱ्या बाईंना नवीन काही शिकावं लागलं नाही.

फाईल 14 ऑगस्टला मंजूर झाली, उरलेले 4,500 दोन दिवसांत आले. लेबलं ऑगस्टच्या अखेरीस एसटीच्या पार्सलने कुडाळला पोचली आणि गणपतीच्या मालाला लागली. मालकीणबाईंनी एका पेटीचा फोटो पाठवला, वरून काढलेला, सगळी झाकणं पिवळी. सावंतवाडीच्या दुकानदाराने 'आ' लिहिणं बंद केलं का, ते मी विचारलं. हो म्हणाल्या, पण जुन्या बाटल्या संपेपर्यंत दोन्ही प्रकार फळीवर होते आणि त्यामुळे काही दिवस उलट जास्तच गोंधळ झाला. लेबल बदलणाऱ्यांनी हे आधीच धरून चालावं. शक्य असेल तर दुकानातला जुना माल एका जागी करून आधी संपवायला सांगावं. सिरपच्या लेबलाच्या दरपत्रकात मी आता तसं सांगणारी, दुकानदारांना द्यायची चिठ्ठीही धरली आहे.

सिरपचं काम फेब्रुवारीत सुरू करायचं ठरलं आहे. रंग आधीच नक्की आहे, फोटो मात्र झाडावरच्या ताज्या रातांब्याचा हवा असा त्यांचा आग्रह आहे, त्यामुळे फळ धरेपर्यंत तेवढी जागा मोकळी ठेवणार आहे.